एक चौरस मीटर भिंत: माल कुठे जातो?

[दृश्य: पाथर्डी फाट्याजवळचं एक बांधकाम. भिंतीला टेप लावलेला हात.]

नाशिकमध्ये घर बांधायला निघालेला माणूस आधी विचारतो, "वीट हजारी काय भाव?" त्या भावावरून भिंतीचा हिशोब कळत नाही. तो दडलेला असतो दोन विटांमधल्या दरजेत.

म्हणून आपण फक्त एक चौरस मीटर भिंत घेऊ. बाहेरची, नऊ इंची. एका थरात विटा लांबीने, पुढच्या थरात रुंदीने. माल एकास सहा, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू.

[दृश्य: भट्टीच्या विटांचा ढीग. एक वीट वाकडी, एक काळपट.]

ही मातीची, भट्टीत भाजलेली वीट: नऊ बाय चार बाय तीन इंच, म्हणजे २३० बाय १०० बाय ७५ मिलिमीटर. निदान कागदावर तरी. भट्टीत कुठे आच जास्त, कुठे कमी, त्यामुळे प्रत्येक विटेचं अंग निराळं. थर ओळंब्यात आणि पातळीत आणायचा तर गवंडी दरज जाड ठेवतो, पंधरा मिलिमीटरपर्यंत. मग चौरस मीटरला विटा लागतात सुमारे ९४, आणि माल ०.०६८ घनमीटर. त्यातलं सिमेंट साधारण साडेअठरा किलो. विटेच्या वरच्या खाचेत बसणारा माल वेगळाच.

आता राखेची वीट. नाशिकरोडकडून दिसणाऱ्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळतो, त्याचीच ही राख. १९९९ साली केंद्र सरकारच्या अधिसूचनेने अशा केंद्रांच्या आसपास विटा करताना राख वापरणं बंधनकारक केलं. राख, कच आणि सिमेंट किंवा चुना-जिप्सम साच्यात दाबतात आणि पाणी मारून पिकवतात. भट्टी नाही, म्हणून वीट वाकत नाही.

[दृश्य: राखेच्या विटांची भिंत. टेप दहा थरांवर.]

माप तेच, पण दरज दहा मिलिमीटरवर येते. म्हणून विटा उलट वाढतात: ९४ च्या जागी १०३. माल मात्र ०.०५२ घनमीटरवर उतरतो, सिमेंट सव्वाचौदा किलोच्या आसपास. 'विटा जास्त लागल्या' म्हणून कुरकुरणाऱ्याने वाळूचं बिल बघावं. गवंड्याने दरज खरंच पातळ ठेवली का, हे टेपने कळतं. दहा थर पंच्याऐंशी सेंटिमीटरमध्ये बसले तर ठीक. नव्वद भरले, तर चांगली वीट आणूनही माल भट्टीच्या विटेइतकाच गेला.

[दृश्य: हॉलो ब्लॉक. वरून कॅमेरा, पोकळ्या दिसतात.]

आणि हा हॉलो ब्लॉक. सोळा बाय आठ बाय आठ इंच म्हणून मिळतो, पण प्रत्यक्षात ३९० बाय १९० बाय १९० मिलिमीटर, कारण उरलेले दहा दरजेसाठी सोडलेले असतात. चौरस मीटरला लागतात साडेबारा नग. भिंत नऊऐवजी साधारण साडेसात इंचांची होते. माल फक्त दोन्ही कडांच्या पट्ट्यांवर लावायचा. थोडी सांडलवंड धरूनही ०.०१ घनमीटरमध्ये काम होतं, म्हणजे सिमेंट पावणेतीन किलो. चौरस मीटरचं वजन चारशे किलोच्या वर होतं, ते अडीचशेच्या आसपास येतं.

इथेच जाहिराती अर्धं सांगून थांबतात. ब्लॉक स्वतःच सिमेंटचा आहे! एकास नऊ मिश्रण धरलं, तर सतरा किलोच्या ब्लॉकमध्ये दीड किलोच्या वर सिमेंट असतं. साडेबारा नगांत वीस किलोच्या जवळपास. म्हणजे सिमेंट वाचलं नाही, साइटवरून कारखान्यात गेलं. खरी बचत होते ती साइटवरच्या वाळूची, भिंतीच्या वजनाची आणि गवंड्याच्या वेळेची.

एक भिंत मोजू. चार मीटर लांब, तीन मीटर उंच, मधे चार फुटी चौकोनी खिडकी. उरते साडेदहा चौरस मीटर. मोडतोड धरून मातीच्या विटा सुमारे १,०७०, राखेच्या १,१२०, आणि ब्लॉक मोडतोड न धरता १३२, शिवाय कोपऱ्यांसाठी अर्धे ब्लॉक. बांधकामाच्या मालाला सिमेंट अनुक्रमे चार गोण्या, तीन गोण्या आणि अर्धीपेक्षा थोडं जास्त.

[दृश्य: गवंडी ब्लॉकच्या पोकळीवर घमेलं रिकामं करतो.]

हा अर्ध्या गोणीचा हिशोब असा बिघडतो. विटेची सवय असलेला गवंडी ब्लॉकवरही माल सपाट पसरतो, आणि तो पोकळीत पडत राहतो. खिडकीच्या बाजूची आणि कोपऱ्यातली पोकळी काँक्रीटने भरायची असते, तिचा माल वेगळा धरावा. बाकीच्या पोकळ्या रिकाम्याच हव्यात.

पाण्याचंही तसंच. मातीची वीट हौदात भिजवूनच लावायची, नाहीतर ती मालातलं पाणी ओढून घेते आणि माल कच्चा राहतो. राखेच्या विटेवर नुसतं शिंपडलं तरी पुरतं. ब्लॉक मात्र भिजवायचा नाही. भिंतीत बसल्यावर वाळताना तो आकसतो, आणि काही महिन्यांनी दरजेदरजेतून जिन्याच्या पायऱ्यांसारखी चीर वर चढते.