अप्पांचा पासवर्ड

मंडळी, आज कथाकथनाऐवजी एका कथेची घडण सांगतो. गोष्ट साधी आहे. अप्पा म्हणजे इतिहासाचे निवृत्त मास्तर. नातवंडं अभ्यासाला बसत नाहीत म्हणून ते रोज संध्याकाळी सातला घरातल्या वायफायचा पासवर्ड बदलतात. वही दाखवली की मुलांच्या मोबाइलवर नवा पासवर्ड स्वतः टाकून देतात, तोही स्क्रीनवर हात आडवा धरून.

पहिल्या खर्ड्यात मी एवढंच लिहिलं होतं आणि ते फसलं. राउटर पालथा करून खालच्या चिकटपट्टीवरचा पत्ता आणि पासवर्ड घेऊन 192.168.1.1 उघडलं, स्वतः पासवर्ड बदलून पाहिला, तेव्हा कळलं की बदल जतन केला की त्या नावावर जोडलेलं एकूण एक उपकरण बाहेर फेकलं जातं. टीव्ही गेला, आणि बायकोची ऑफिसची मीटिंगही गेली. ती त्या रात्री माझ्याशी बोलली नाही. कथेतल्या सूनबाईंचंही तेच होणार, नाही का? मग अप्पांना मी गेस्ट नेटवर्क शिकवलं. बहुतेक राउटरवर अशी दुसरी वाट असते, तिचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. अप्पांनी तिला नाव दिलं Abhyas. मुलांचे मोबाइल आणि हॉलमधला टीव्ही तिच्यावर, मोठ्यांचं सगळं जुन्या नावावर. आता घरात भांडण होत नव्हतं.

आता प्रश्न असा की रोज नवा पासवर्ड माणूस आणणार कुठून? पासवर्ड निदान आठ अक्षरांचा लागतो, त्याहून कमी राउटर घेतच नाही. इथे माझे मास्तर खूश झाले. तारीख लिहा, महिना लिहा, साल लिहा : बरोब्बर आठ आकडे! प्रतापगड 10111659. राज्याभिषेक 06061674. अप्पांना वाटलं, हा आपला खजिना कोण फोडणार?

फोडला सातवीतल्या मुक्तानं. मोबाइलमध्ये जोडलेल्या वायफायच्या नावात शिरलं की शेअर करायची सोय असते, तिथं चौकोनी कोड दिसतो, आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्या कोडाखाली पासवर्ड स्वच्छ अक्षरांत लिहिलेला असतो. अप्पांच्या आडव्या हाताचा उपयोग शून्य. अर्थात तिला मिळतो तो आजचा पासवर्ड, आणि उद्या सातला तो मेलेला. पण चार दिवस ती तो वहीच्या मागच्या पानावर उतरवत गेली, आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "दाद्या, हे तर आपल्या पुस्तकातलं आहे."

दाद्यानं सुचवलं होतं की राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून दहा-पंधरा सेकंद दाबून धरू, सगळं मूळपदावर येईल. मुक्ता नको म्हणाली, आणि ते बरं झालं. तसं केलं की चिकटपट्टीवरचा पासवर्ड चालू होतो खरा, पण बऱ्याच जोडण्यांत कंपनीनं भरलेलं युजरनेमही पुसलं जातं. वायफाय जोडलेलं दिसतं, नेट मात्र येत नाही. मग नेटवाला येईपर्यंत बसा.

आठ आकड्यांच्या जुळण्या दहा कोटी होतात. पुस्तकातल्या पूर्ण तारखा मात्र तीसेकच. मुक्ता सातवीचा इतिहास घेऊन बसली. प्रत्येक धड्यातली प्रत्येक तारीख, दिवसासकट, तिनं मागच्या पानावर उतरवली. सुरुवातीला 661674 टाकलं तर मोबाइलवरचं जोडायचं बटण उजळेचना. मग तिच्या लक्षात आलं की दिवसाच्या आणि महिन्याच्या आधी शून्य हवं. अप्पांना बाहेरच्या खोलीतून दिसत होतं की पोरगी दोन तास पुस्तकातून डोकं वर काढत नाही. ते सूनबाईंना हळूच म्हणाले, "पाहिलंस?"

इथपर्यंत आलो की मला शेवट सुचवणारे भेटतात. सगळ्यांचा शेवट एकच : मुलं राउटरमध्ये शिरतात, पासवर्ड बदलतात आणि अप्पांचं कीर्तन बंद पडतं. मी तो घेतला नाही. अप्पांना हरवायचं मला कारणच नव्हतं.

माझ्या कथेत त्या रात्री मुक्ता तिसांतली एक-एक तारीख टाकत जाते आणि एकही लागत नाही. वही उघडी टाकून ती जेवायला उठते. अप्पा चष्मा लावून मागचं पान वाचतात. पहिल्यांदा त्यांना राग येतो. मग सवयीनं ते तपासायला लागतात, शेजारी बारीक बरोबरच्या खुणा करत. सत्ताविसाव्या ओळीवर थांबतात. पानिपत, १४ जानेवारी १७१६. साल उलटसुलट झालंय. आणि त्या दिवशीचा पासवर्ड नेमका तोच आहे.

अप्पा बराच वेळ पेन्सिल हातात धरून उभे राहतात. मास्तर माणूस, चूक तशीच सोडवत नाही. १६ वर काट मारून वर ६१ लिहितात, वही होती तशी ठेवतात आणि जेवायला येतात.

पावणेनऊला हॉलमधला टीव्ही सुरू होतो.