पावसात न उघडलेली छत्री

नमस्कार श्रोतेहो.

आधी एक छोटा उतारा वाचून दाखवतो. खानापूर तालुक्यात नववी-दहावीला मराठी शिकवताना वर्गासाठी मीच लिहिलेला आहे. जरा लक्ष देऊन ऐका, कारण पुढचं सगळं बोलणं त्यावरच आहे.

"सकाळी बापूंनी चहाच्या टपरीवर कानडी पेपरातले बटाट्याचे दर मोठ्यानं वाचून सगळ्यांना सांगितले. मग घरी जाऊन, जेवून ते खानापूरच्या स्टँडवर आले. एक गाडी येऊन लागली. बोर्ड कानडीत होता. बापूंनी सदऱ्याचे दोन्ही खिसे चाचपले, मग पिशवीत हात घातला. शेजारी नंदगडच्या गाडीची वाट बघत एक मुलगा उभा होता. त्याला त्यांनी विचारलं, 'बाळ, ही लोंढ्याला जाते काय?' 'नाही आजोबा, ही नंदगडची. तुम्ही बसा, लोंढ्याची आली की सांगतो.' बापू शेडमधल्या बाकावर बसले. बाहेर पाऊस लागला होता. छत्री त्यांनी उघडली नाही. नंदगडची गाडी सुटली. मुलगा पिशवी घेऊन तिथंच उभा होता."

संपला उतारा. याखाली मी दोन प्रश्न विचारतो. बापूंनी मुलाला का विचारलं? आणि या उताऱ्यातून लेखकाला काय सुचवायचं आहे?

उत्तरं कशी येतात त्याचा नमुना सांगतो. "कानडी बोर्डामुळे मराठी माणसाला स्वतःच्याच गावात परकं व्हावं लागतं, हे लेखकाला सुचवायचं आहे. पाऊस म्हणजे सीमावासीयांचे अश्रू. न उघडलेली छत्री म्हणजे सोडून दिलेली आशा. सुटलेली गाडी म्हणजे हातातून निघून गेलेली संधी." भाषा छान, शुद्धलेखनही बरं, अक्षर तर मोत्यासारखं. आणि उताऱ्यात यातलं काहीच नाही.

उताऱ्यातले बापू कानडी उत्तम वाचतात. पहिल्याच वाक्यात ते पेपर वाचून दर सांगतात. मग स्टँडवर बोर्ड का वाचत नाहीत? खिसे चाचपतात, पिशवीत हात घालतात. चष्मा घरी राहिला. 'चष्मा' हा शब्द उताऱ्यात कुठंही नाही, तरी हा अर्थ पक्का आहे, कारण दोन वाक्यं मिळून आपल्याला तिकडे नेतात. ती जोडली नाहीत तर खिसे चाचपणं अधांतरी राहतं. छत्रीचं तर आणखी सोपं आहे. माणूस शेडमध्ये बसलाय, छत्री उघडेल कशाला?

आता गंमत अशी की उताऱ्यात खरोखरच एक न सांगितलेली गोष्ट आहे. मुलगा नंदगडच्या गाडीसाठी उभा होता. ती आली आणि त्याच्यासमोरून सुटलीही, पण तो चढला नाही. का? अनोळखी म्हाताऱ्याला दिलेला शब्द त्यानं पाळला. लेखकानं 'दयाळू', 'प्रेमळ' असं एकही विशेषण वापरलेलं नाही. जो अर्थ शोधायचा होता तो हा. आणि अश्रू-आशा-संधी लिहिणाऱ्या मुलांच्या उत्तरात नेमका हाच मुलगा सापडत नाही. नसलेला अर्थ घातला म्हणून गुण जातात ते जातातच, पण माझ्या मते खरं नुकसान हे आहे की असलेला अर्थ हातचा जातो.

मुलं असं का करतात? आळस म्हणावा तर ही उत्तरं लिहायला जास्त कष्ट पडतात. बऱ्याचदा वर्गातली हुशार मुलंच यात सापडतात.

पहिला दोष आमचा, प्रश्न काढणाऱ्यांचा. "लेखकाला काय सुचवायचं आहे?" असं विचारलं की मुलाच्या मनात पक्कं बसतं की काहीतरी लपवलेलंच आहे, आणि वर दिसतंय ते उत्तर असूच शकत नाही. "चष्मा विसरला म्हणून विचारलं" हे उत्तर त्याला सुचलेलं असतं. पण एवढ्या सोप्या उत्तराला तीन गुण कोण देईल, असं वाटून तो ते खोडतो. त्यात कवितेच्या तासाला आम्ही आणि गाईडांनी मिळून त्याला एक तयार यादी दिलेली असते. अंधार म्हणजे अज्ञान, पाऊस म्हणजे अश्रू, दिवा म्हणजे आशा. शब्द दिसला की यादीतला अर्थ चिकटवायचा. आजूबाजूची वाक्यं वाचायची गरजच उरत नाही.

दुसरं कारण आपल्या भागाचं आहे, आणि त्याबद्दल मोकळेपणानं बोललं पाहिजे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरात मूल काय ऐकत वाढतं? 1956 ची राज्य पुनर्रचना, 1 नोव्हेंबरचा काळा दिन, महाजन आयोग. आजोबा सांगतात, काका सांगतात. ते ऐकलेलं खरं आहे, घरच्यांना झालेलं दुःखही खरं आहे. पण त्या मुलाच्या डोळ्यांसमोर "बोर्ड कानडीत होता" हे तीन शब्दांचं वाक्य आलं की घरात ऐकलेलं सगळं एकदम जागं होतं, आणि पुढचा उतारा तो वाचत नाही, आठवतो. बापूंनी सकाळी कानडी पेपर वाचला होता, हे त्याच्या नजरेखालून गेलेलं असतं, पण तोवर ते पुसलं गेलेलं असतं. सीमाप्रश्नावर निबंध लिहायला सांगा, हीच वाक्यं तिथं शोभतील. या उताऱ्याखाली ती शोभत नाहीत, कारण या उताऱ्यातल्या म्हाताऱ्याला कानडीची अडचण नाही, डोळ्यांची आहे.

हे फक्त आपल्याच मुलांचं होतं असं समजू नका. आय. ए. रिचर्ड्स नावाचे इंग्रजीचे प्राध्यापक केंब्रिजला शिकवायचे. त्यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि वाचून काय वाटतं ते लिहून मागितलं. ती उत्तरं आणि त्यांतल्या चुकांची छाननी त्यांनी 1929 साली पुस्तकरूपानं मांडली. त्यात एक अडचण अशी सापडली की वाचकाची स्वतःची एखादी आठवण मध्येच घुसते आणि तो कवितेऐवजी त्या आठवणीवर लिहितो. दुसरी अशी की मनात आधीच शिजवून ठेवलेली भावना, कविता निमित्त होताच, बाहेर ओतली जाते. केंब्रिजमध्ये इंग्रजी साहित्य शिकणारी मुलं ती. आपल्या दहावीच्या पोरावर कितीसं रागवायचं?

मग अर्थ लावायचाच नाही काय? तसं केलं तर दुसऱ्या खड्ड्यात पडू. धाक घातला की मुलं उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवून मोकळी होतात, आणि तो नंदगडचा मुलगा पुन्हा निसटतो. खरा प्रश्न असा आहे की वरचा अर्थ सोडून आत शिरायची परवानगी कधी मिळते.

याचं उत्तर मला परदेशात शोधावं लागलं नाही. ते आमच्या व्याकरणाच्या पुस्तकात, शब्दशक्तीच्या धड्यात पडून आहे. अभिधा म्हणजे सरळ अर्थ, लक्षणा म्हणजे सरळ अर्थ जुळत नाही म्हणून घेतलेला दुसरा अर्थ, व्यंजना म्हणजे सुचवलेला अर्थ. आपण ते पाठ करून घेतो आणि सोडून देतो. अकराव्या शतकातल्या मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त लक्षणेची पहिली अट सांगितली ती मुख्यार्थबाधाची. म्हणजे सरळ अर्थ अडला पाहिजे. "बाबा ताटावर बसले" हे ऐकल्यावर कोणी बाबांना ताटात बसवत नाही. सरळ अर्थ जुळत नाही, म्हणून आपण 'जेवायला बसले' असा घेतो. मात्र "बाबा बाकावर बसले" म्हटलं तर बाबा बाकावरच बसलेले असतात. तिथं काहीच अडत नाही.

हीच अट छत्रीला लावून बघा. शेडमध्ये बसलेल्या माणसानं छत्री उघडली नाही. अर्थ अडला काय? नाही. मग आशा-निराशेला तिथं दार नाही. वर्गात मी पुढं एक बदल करतो. शेड काढून टाकतो. "बापू उघड्यावर उभे राहिले. पाऊस लागला होता. हातात छत्री होती. ती त्यांनी उघडली नाही." आता अडतं! हातात छत्री असताना माणूस भिजत का उभा राहील? इथं कारण शोधायचा हक्क वाचकाला मिळाला. तरीही काहीही म्हणायची मोकळीक मिळाली असं नाही. बापू कुठल्या विचारात बुडालेत, ते आजूबाजूच्या वाक्यांतूनच काढावं लागेल. नाही सापडलं तर "बापूंचं पावसाकडे लक्ष नव्हतं" एवढ्यावर थांबावं.

व्यंजनेला सरळ अर्थ अडायची गरज नसते, ही अडचण हुशार विद्यार्थी लगेच काढतो, आणि काढावीच. "सूर्य मावळला" हे वाक्य सरळच आहे, पण गुराख्यानं म्हटलं तर गुरं घराकडं वळवायची वेळ झाली, आणि पुजाऱ्यानं म्हटलं तर सांजवातीची. पण हे कळतं कशावरून? कोण बोलतंय, कोणाशी, कुठल्या वेळी, हे ठाऊक असतं म्हणून. तो संदर्भ मजकुरातून आला पाहिजे, आपल्या घरून नव्हे. नंदगडच्या मुलाचं न चढणं हे व्यंजनेनंच कळतं: तो कशासाठी उभा होता हे आधी आलंय, त्यानं काय कबूल केलं तेही आलंय.

पालकांनी घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट सांगतो. मुलानं उत्तर लिहिलं की प्रत्येक विधानाशेजारी पेन्सिलनं लिहायला सांगा, हे कुठल्या वाक्यावरून. "अश्रू" शेजारी तो "पाऊस लागला होता" लिहील, म्हणजे तेवढ्यानं भागत नाही. मग दुसरं विचारायचं, या विधानाच्या विरोधात जाणारं एखादं वाक्य उताऱ्यात आहे काय? कानडी बोर्डाच्या उत्तराला इथं पहिलंच वाक्य आडवं येतं, आणि मूल ते स्वतः शोधून काढतं. तिसरी खूण पेपर तपासणाऱ्यांना चांगली ठाऊक आहे. हेच उत्तर दुसऱ्या कुठल्याही उताऱ्याखाली जसंच्या तसं चालेल काय? "सीमावासीयांची वेदना" कुठंही चालते. "गाडी सोडून मुलगा थांबला" हे एवढ्या एकाच उताऱ्याखाली चालतं.

कवितेत हे सगळं इतकं काटेकोर चालत नाही, हे मान्य. कवी मुद्दामच वाक्यांमध्ये जागा मोकळ्या सोडतो, आणि एका ओळीचे दोन-तीन अर्थ शेजारी शेजारी नांदू शकतात. पण तिथंही एक ओळ दुसरीला खोटं पाडत असेल तर तो अर्थ सोडावाच लागतो.

आणि माझ्या शिक्षक मित्रांना एक विनंती. "लेखकाला काय सुचवायचं आहे?" हा प्रश्न गद्य उताऱ्याखालून काढून टाकावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी मी आता असं विचारतो: "नंदगडची गाडी सुटली तेव्हा मुलानं काय केलं, का केलं, आणि ते तुम्हाला कोणत्या वाक्यांवरून कळलं?" अश्रू आणि आशा तेव्हापासून बऱ्याच कमी झाल्यात. काही मुलं आता लिहितात, "त्यानं आजोबांना सांगतो म्हटलं होतं, म्हणून तो गाडीत चढला नाही." कोणी पुढं जाऊन विचारतं, "सर, मग त्याला पुढची गाडी कितीला मिळाली?" त्याचं उत्तर उताऱ्यात नाही, असं मी सांगतो.

नमस्कार.