बाण एकीकडे, पंखा दुसरीकडे

(दृश्य: पंपाच्या आवरणावरचा बाण)

पंप कोणत्या दिशेने फिरायला हवा, हे सांगणारा हा बाण. आता त्याच बाजूला उभं राहून मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगकडे बघा. बाजू बदलली की दिशाही उलटी दिसते, म्हणून जागा सोडायची नाही. स्टार्टर नुकताच बंद केलाय, वेग उतरलाय. कपलिंग बाणाच्या विरुद्ध फिरतंय.

काल संध्याकाळपर्यंत ही मोटर सरळ चालत होती. रात्री जमिनीखालची केबल बिघडली, पहाटे जोड देऊन पुरवठा सुरू झाला. मोटरला कोणी हातही लावलेला नाही.

(दृश्य: प्रेशर गेज)

पाणी मात्र येतंय, आणि फसायला होतं ते इथेच. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी पाणी त्याच तोंडातून बाहेर टाकतो, फक्त जोर कमी पडतो. रोज चार किलोवर असणारा काटा आज दोनच्या आसपास आहे. अशा वेळी पंप खोलण्याआधी दिशा बघावी.

(दृश्य: उघडी मोटर, स्टेटरमधली वाइंडिंग)

मोटरच्या पोटात तीन फेजची वाइंडिंग गोलाकार बसवलेली असते. 50 हर्ट्झच्या पुरवठ्यात आर फेज शिखरावर पोचला की सुमारे 6.7 मिलिसेकंदांनी वाय पोचतो, तेवढ्याच वेळाने बी, आणि मग पुन्हा आर. चुंबकीय जोर त्याच क्रमाने एका वाइंडिंगवरून दुसऱ्यावर सरकत जातो आणि रोटरला आपल्यामागे ओढतो. हा क्रम म्हणजे फेज सिक्वेन्स. कोणत्याही दोन तारांची अदलाबदल झाली की आर-वाय-बीचं आर-बी-वाय होतं. वेग तोच राहतो, दिशा उलटते. तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवल्या, तर मात्र काहीच बदलत नाही, कारण फेरीचा क्रम तोच राहतो.

(दृश्य: मल्टिमीटर, मग फेज सिक्वेन्स मीटर)

मल्टिमीटरला हा दोष दिसत नाही. इथे तिन्ही जोड्यांमध्ये 412, 415 आणि 414 व्होल्ट आहेत, सगळं ठीक वाटतं. दिवेही नेहमीसारखे लागतात. क्रम बघायला हे छोटं फेज सिक्वेन्स मीटर लागतं. तीन क्लिपा क्रमाने लावल्या की चकती फिरते. ही बघा, मीटरवरच्या बाणाच्या उलट. चालू पुरवठ्यावरचं हे काम जाणकारानेच करावं.

आता चूक कुठे झाली ते शोधायचं. या खोलीतले दोन्ही पंप उलटे फिरताहेत. एकच उलटा असता, तर त्याचा स्टार्टर किंवा त्याची केबल तपासली असती. कोपऱ्यातला हा ब्लोअर मात्र सरळ चालतोय, कारण तो व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या उपकरणावर आहे. व्हीएफडी आलेला पुरवठा आधी डीसी करतो आणि पुढचा क्रम स्वतः ठरवतो. त्यामुळे ब्लोअर सरळ आहे म्हणून पुरवठा बरोबर, असं धरू नये.

चकती मुख्य स्विचच्या येणाऱ्या टोकांवरच उलटी फिरली. म्हणजे चूक या खोलीच्या बाहेर, पहाटेच्या जोडात.

(दृश्य: पॅनेलमधला रिले)

हे पाहताना फार वाईट वाटलं. या पॅनेलमध्ये फेज सिक्वेन्स रिले आहे. क्रम उलटला की तो मोटरला वीज जोडणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलची वाट तोडतो आणि मोटर सुरूच होत नाही. इथे त्याची दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडून टाकलीत. कधीतरी रिलेने मोटर अडवली असेल आणि कारण न शोधता कुणीतरी वाट मोकळी केली असेल. रिले आपल्या जागेपर्यंतचाच क्रम बघतो, त्यापुढच्या तारा बदलल्या तर त्याला कळत नाही, ही त्याची मर्यादा खरी. पण आजची चूक त्याने नक्की पकडली असती. स्क्रू कंप्रेसर असता, तर काही क्षणांतच मोठं नुकसान झालं असतं.

दुरुस्ती करायची तीही चूक झाली तिथेच. मोटरच्या पेटीत दोन तारा बदलून काम भागतं, पण जोड उद्या सुधारला की मोटर पुन्हा उलटी. जनरेटर लावला तरी तेच, कारण त्याचा क्रम बदललेला नसतो. स्टार-डेल्टा मोटरच्या सहा तारांत हात घातला, तर वाइंडिंगची जोडणीच बिघडू शकते.

(दृश्य: केबलचा जोड, मग चकती)

पुरवठा बंद करून, तो खरंच बंद असल्याची चाचणी घेऊन जोडातल्या दोन तारा बदलल्या. परत मीटर लावलं. चकती मीटरवरच्या बाणाच्या दिशेने फिरली. तारेचा तो तुकडा काढला, रिलेचा दिवा लागला. जनरेटरकडचा क्रमही मोजला, तोही तोच निघाला. मग स्टार्टरला क्षणभराचा झटका दिला. कपलिंग आणि बाण आता एकाच दिशेला.

पंप सुरू. काटा दोन ओलांडतो, तीनवर येतो, चारवर थांबतो.