५८ नंबरचा पिकाचू कुठे आहे?

टेबलावर पोकेमॉनची तीन चारिझार्ड कार्डं. तिन्हींवर तेच चित्र. पण एक १९९९च्या बेस सेटमधलं आहे, दुसरं बेस सेट २ मधलं आणि तिसरं २०२१च्या सेलिब्रेशन्समधलं. किमतींत जमीन-अस्मानाचा फरक.

कॅमेरा खालच्या कोपऱ्यावर नेऊ. पहिल्यावर ४/१०२, दुसऱ्यावर ४/१३०. म्हणजे चौथं कार्ड, आणि पलीकडचा आकडा सेटमध्ये किती कार्डं ते सांगतो. आता तिसरं पाहा. त्यावरही ४/१०२च. जुन्या कार्डाची ही नवी आवृत्ती नंबरही जुनाच घेऊन आली आहे; चित्रावरचा २५चा छोटा शिक्का तेवढा वेगळा. म्हणून संग्रहाच्या यादीत नुसता नंबर लिहून भागत नाही. आधी सेटचं नाव, मग नंबर, मग छपाई. बेस सेटमध्ये पहिल्या आवृत्तीचा शिक्का आहे का, चित्राच्या चौकटीच्या उजव्या कडेला सावली आहे का, हे छपाईच्या रकान्यात येतं.

सेट ओळखायला चित्राखाली उजवीकडे छोटं चिन्ह असतं. जंगल सेटचं फूल. बेस सेटला चिन्हच नाही. आणि जंगलची काही चकचकीत कार्डं चुकून चिन्हाविना छापली गेली! तिथे कोपऱ्यातला ६४ हा जंगलच्या एकूण कार्डांचा आकडा वाचवतो.

एक्सेलमध्ये मात्र हाच आकडा दगा देतो. जंगलचा स्नोरलॅक्स, ११/६४. तसंच टाइप करून एंटर दाबलं, की पडद्यावर Nov-64. एक्सेलला ती तारीख वाटली. पाचशे ओळी भरल्यावर हे लक्षात आलं, तर डोक्याला हात लावायची वेळ. म्हणून ११ एका रकान्यात, ६४ शेजारच्या. क्रमही नीट लागतो. नाहीतर १० नंबर २च्या आधी येऊन बसतो.

आता जागा. फोल्डरच्या पानाला नऊ कप्पे, कप्प्यात एकच कार्ड. पानाची मागची बाजू वेगळं पान म्हणून मोजायची. बेस सेटचा पिकाचू ५८ नंबरचा. सहा पानं भरली की ५४ झाले, म्हणजे तो सातव्या पानावर चौथा. उलगडा... हा बघा, तिथेच. अट एकच: नसलेल्या कार्डाचा कप्पा रिकामा सोडायचा. तो दिसायला खटकतो, पण भरला की पुढचा सगळा हिशेब सरकतो. जादाची कार्डं डब्यात, आणि यादीत डब्याचा नंबर.

विम्यासाठी महागडी कार्डं वेगळी काढली आहेत. प्रत्येकाचा पुढून-मागून फोटो, पावती, कोपरे घासलेत का याची नोंद. पारखून सीलबंद केलेलं कार्ड असेल, तर डबीवरचा प्रमाणपत्र क्रमांकही. किंमत लिहिताना विक्रेत्याने मागितलेली नाही, तसंच कार्ड नुकतं ज्या भावाला खरोखर विकलं गेलं ती, शेजारी तारीख.

ही फाइल याच घरातल्या लॅपटॉपवर राहिली, तर आगीत कार्डांसोबत तीही जाईल. म्हणून एक प्रत बहिणीच्या मेलवर.