भाव पडला तर सोनार का अडचणीत येतो? आबा सोनारांची गोष्ट

नमस्कार. मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच विचारलं. सोनं स्वस्त झालं की गिऱ्हाईक वाढतं, मग सोनाराचं नुकसान कसलं? उत्तर मी गोष्टीतून सांगते. गोष्ट रचलेली आहे, पण त्यातली तारीख आणि भावाची पडझड खरी आहे.

23 जुलै 2024, अर्थसंकल्पाचा दिवस. सोन्यावरचं आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्के झालं. जगाच्या बाजारात त्या दिवशी फारशी पडझड नव्हती. आपल्या भावातला शुल्काचा भाग एकदम कमी झाला आणि काही दिवसांतच तोळ्यामागे हजारो रुपये उतरले. हिशेबाला सोपं जावं म्हणून 22 कॅरेटचा भाव 67,500 वरून 64,000 वर आला असं धरू.

सांगोल्यासारख्या तालुक्याच्या गावी आबांची पेढी. आदल्याच आठवड्यात एका ताईंनी मुलीसाठी चार तोळ्यांच्या पाटल्या सांगितल्या होत्या. लग्न तुळशीच्या लग्नानंतर, पण भाव चढतच होता, म्हणून त्यांनी 67,500 ने भाव बांधून घेतला आणि दहा हजार बयाणा दिला.

आता इथे नीट लक्ष द्या. भाव बांधला त्याच दिवशी आबांनी चार तोळ्यांचं सोनं त्याच भावाने उचललं, तेही व्यापाऱ्याकडून उधारीवर. न उचलता थांबले असते आणि भाव चढला असता, तर वरचा फरक त्यांच्याच अंगावर आला असता. म्हणजे बांधलेल्या भावाचं सोनं सोनार आधीच विकत घेऊन बसलेला असतो. एका दर्शकाने लिहिलंय, "भाव उतरला तर सोनाराने उतरलेलाच भाव लावायला हवा." दादा, भाव चढला असता तर तुम्ही चढलेला भाव दिला असता का? मग बांधला कशासाठी?

आता ताईंच्या बाजूने बघा. जीएसटी आणि मजुरी दोन्हीकडे सारखीच धरू, फक्त सोन्याचं बोलू. आबांकडे 2,70,000. शहरातल्या शोरूममध्ये नव्या भावाने 2,56,000. दहा हजारांचा बयाणा बुडाला तरी त्यांना एकूण 2,66,000 पडतात, म्हणजे चार हजार वाचतात. म्हणून त्यांचा फोन आला, "आबा, पाटल्या राहू द्या." यात ताई वाईट नाहीत. भावातली घसरण बयाण्यापेक्षा मोठी झाली, एवढंच. बयाणा पंधरा हजार असता तर त्यांनी फोन केला नसता.

आणि आबांच्या बाजूने? सोनं मोडून विकलं तर चौदा हजारांचा खड्डा, त्यातले दहा बयाण्याने भरतात. पाटल्या घडवून झाल्या असतील तर कारागिराची मजुरीही गेली आणि आटवताना घट वेगळी. बरं, भाव पुन्हा चढेपर्यंत थांबावं? ऑक्टोबरपर्यंत भाव आधीच्याही वर गेलाच होता. पण व्यापाऱ्याची उधारी ऑक्टोबरपर्यंत थांबत नाही.

माझं आजोळ सराफांचं. अशा वेळी तिथे दुकानात नात्यातलीच माणसं बसलेली असायची, आणि "आपल्यातलेच आहेत" म्हणून बयाणा निमूटपणे परत दिला जायचा. मला याचा आजही राग येतो. बयाणा ठेवणाऱ्याला कमेंटमध्ये लुटारू म्हणणाऱ्यांनी पुढचा हिशेब बघावा.

आबा ताईंना म्हणाले, "ताई, बयाणा परत होणार नाही, पण मधला भाव लावतो. 65,500." म्हणजे 2,62,000. ऑर्डर मोडून शहरात गेल्या तर 2,66,000, आबांकडे राहिल्या तर 2,62,000. ताई राहिल्या. आबांना सोन्यात आठ हजार सोसावे लागले, पण पाटल्यांची मजुरी हातची गेली नाही. हे जमलं ते बयाणा अडकून होता म्हणूनच. तो आधीच परत केला असता तर ताईंना शहरात 2,56,000 च पडले असते, मग 2,62,000 ला कोण थांबेल?

शेजारच्या आळीतल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने दोन तोळ्यांची मोहनमाळ निव्वळ शब्दावर सांगितली होती. त्याने फोनही केला नाही, सरळ शहरातून माळ घेतली. ते सोनं आबांनी 64,000 ने मोडलं आणि सात हजार स्वतःच्या खिशातून भरले.

तेव्हा भाव बांधणार असाल तर पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: वजन, बांधलेला भाव, बयाणा, आणि ऑर्डर मोडली तर बयाण्याचं काय. सोनार लिहून द्यायला तयार नसेल तर भाव बांधू नका, डाग घ्यायच्या दिवशीच्या भावाने घ्या.