'परिणामांचा विचार करू नका' असं गीता म्हणत नाही

गेल्या आठवड्यात एथिक्सच्या टेस्टचे पेपर तपासत होतो, प्रश्न होता गीतेतलं निष्काम कर्म आणि जर्मन तत्त्वज्ञ कांटची कर्तव्यनीती यांची तुलना करा, १० मार्क, १५० शब्द, आणि बऱ्याच जणांनी पहिल्याच ओळीत लिहिलेलं की दोघंही परिणामांचा विचार करू नका असं सांगतात. ते वाक्य खोडताना वाईट वाटलं, कारण 'कर्मण्येवाधिकारस्ते' हा २.४७ श्लोक सगळ्यांना तोंडपाठ होता, पण अठराव्या अध्यायापर्यंत कोणी गेलंच नव्हतं.

१८.२५ काढून बघा. पुढं काय होईल, किती नुकसान होईल, कुणाला इजा होईल, आपल्याला झेपेल का, हे काहीच न बघता मोहापोटी सुरू केलेलं काम तामस, असं तिथं सरळ म्हटलंय. म्हणजे परिणाम बघायचाच, सोडायची ती फळाची आसक्ती, यातून मला काय मिळणार ही.

कांटचं वेगळं आहे. त्याला परिणाम दिसत नाहीत असं नाही, पण कामाची नैतिक किंमत त्यांच्यावर ठरत नाही, ते काम ज्या नियमानं केलं तो नियम सगळ्यांना लागू व्हावा असं आपल्याला म्हणता येतं का यावर ठरते. १७९७ च्या एका निबंधात तो इथपर्यंत जातो की खुनी दारात येऊन तुमचा मित्र घरात आहे का विचारत असला तरी खोटं बोलायचा हक्क तुम्हाला नाही.

आता याच्या शेजारी कौशिकाची गोष्ट ठेवा. गीतेत नाही ती, महाभारताच्या कर्णपर्वात आहे, उत्तरात तसंच लिहा, पण सांगतोय कृष्णच आणि अर्जुनालाच. कायम खरंच बोलायचं असं व्रत घेतलेला हा ब्राह्मण, लुटारूंच्या भीतीनं काही माणसं रानात लपली, लुटारूंनी याला विचारलं, यानं खरी जागा सांगितली, ती माणसं मारली गेली आणि हा नरकात गेला. प्रसंग जवळजवळ तोच, निकाल बरोबर उलटा!

त्यामुळे माझा सल्ला असा की साम्य दोन ओळींत आटपा, दोघंही हेतूमधून स्वार्थ काढून टाकतात, बास, आणि उरलेली जागा या फरकाला द्या. मग एखादी ओळ कर्तव्य येतं कुठून यावर. कांटसाठी ते बुद्धीतून येतं, म्हणून सगळ्यांना सारखं. अर्जुनाला मात्र तू क्षत्रिय आहेस म्हणून लढ असं सांगितलं जातं, आणि जन्मानं ठरलेलं कर्तव्य आज कितपत मानायचं हा आक्षेप मला खरंच गंभीर वाटतो, तो टाळून गीतेची नुसती स्तुती केलेलं उत्तर मी अर्धवटच धरतो.