ढोलकी का काढली?

श्रोतेहो, नमस्कार. पुण्यात नृत्य-नाट्य शिकणाऱ्या मुलांची सादरीकरणं बघायला मी परीक्षक म्हणून बसते. सादरीकरण संपलं की प्रश्नोत्तरं होतात. ‘तुम्ही परंपरा पाळली की मोडली?’ असं विचारलं, की मुलं पाठ केलेलं छोटं भाषण म्हणून दाखवतात. म्हणून मी आता एकाच ओळीवर बोट ठेवते.

यंदा एका मुलीनं बैठकीची लावणी केली. समजा, ओळ अशी आहे: ‘सख्या, वाट किती पाहू’. बैठकीच्या लावणीत कलावती बसूनच ही ओळ पुन्हा पुन्हा घोळवते, आणि दर खेपेला अर्थ बदलतो. कधी लाडिक तक्रार, कधी राग, कधी नुसता थकवा. याला अदा म्हणतात. अदा चालू असताना ढोलकी दबून वाजते आणि ओळ सुटली की खणखणीत उसळते. या मुलीनं ढोलकी काढून मागे एकसुरी सिंथेसायझर ठेवला होता.

मी विचारलं, “ढोलकी तिथं काय काम करत होती?” ती म्हणाली, “ठेका धरत होती.” मी म्हटलं, “आणि ओळ संपली, हे प्रेक्षकाला कोण सांगत होतं?” ती थांबली. मग मी तिला तीच ओळ दोन्ही तऱ्हेनं करायला सांगितली. ढोलकीवर केली तेव्हा प्रत्येक भाव सुटा कळला. सिंथेसायझरवर राग आणि थकवा एकमेकांत मिसळले. तेव्हा ती म्हणाली, “मला तेच हवं होतं. वाट बघणाऱ्या बाईला स्वतःलाच कळत नाही, आपण चिडलोय की दमलोय.” हे उत्तर मला पटलं. ढोलकी गेल्यावर काय हरवतं हे तिला दिसलं होतं, आणि ते हरवावं असं तिनं ठरवलं होतं. नुसतं “आजच्या प्रेक्षकाला आवडतं” म्हणाली असती, तर मी आणखी खोदलं असतं.

पण जुनं जसंच्या तसं करणाऱ्यांनाही सूट नाही. दुसऱ्या मुलीनं नऊवारी, ढोलकी, बसण्याची ढब, सगळं गुरूंनी शिकवलं तसं ठेवलं, पण मोठ्या रंगमंचावर. बैठक म्हणजे समोर चार हातांवर बसलेले रसिक. तिथं भुवई हलली तरी पोचते. विसाव्या रांगेला ती दिसणार कशी? मी तिला तेवढंच विचारलं. “गुरूंनी असंच शिकवलंय,” ती म्हणाली. मी म्हटलं, “गुरूंनी कुठल्या खोलीत शिकवलं?”

ती हसली. मग तिनं रंगमंचावरून उतरून पहिल्या रांगेसमोर सतरंजी पसरली, आम्हाला जवळ बोलावलं आणि तीच ओळ पुन्हा धरली.